ढेकळे : निरंक

काल किराणा दुकानात तूरडाळ घ्यायला उभा होतो, तर मागून आमच्याच गल्लीतला एक कॉलेजचा पोरगा, ज्याचं नावसुद्धा मला नीट माहीत नाही, तो म्हणतो, "सर, आज किती ढेकळं?" दुकानदारासकट सगळे हसले. पंधरा वर्षं झाली मी या गल्लीत इज्जतीनं राहायलोय, आणि आता माझी ओळख काय, तर मांजराच्या लघवीची ढेकळं मोजायला लावणारे सर.

हे सगळं झालं एका चिठ्ठीपायी. आम्ही आठवडाभर तिरुपतीला चाललो होतो, घरातलं मांजर, म्हणजे आमचा बोका भुऱ्या, शेजारच्या काकांच्या भरवशावर ठेवून जायचं होतं, म्हणून मी आपलं दोन पानांवर सगळं व्यवस्थित लिहून काढलं. काका एका सरकारी कार्यालयातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून रिटायर झालेत. रिटायर फक्त पगारापुरते. चिठ्ठी हातात घेतल्या घेतल्या त्यांनी खिशातलं पेन काढलं तेव्हाच मला उठून जायला पाहिजे होतं, पण चावी द्यायची राहिली होती.

"परिच्छेद एक," काका म्हणाले. "सकाळी पंचवीस ग्रॅम कोरडं खाणं, संध्याकाळी पंचवीस ग्रॅम. हे मोजायचं कशानं?"

मी म्हटलं, काका, वाटी ठेवलीय, वाटीवर स्केचपेननं रेघ मारलीय, रेघेपर्यंत भरायचं.

"मग तसं लिव्हा ना. ग्रॅम कामून लिव्हलाव? उद्या लेखापरीक्षण झालं तर मी वाटी दाखवू का वजन दाखवू?"

कोण करणार आहे लेखापरीक्षण, भुऱ्या? पण नाही बोललो. काम आपलं होतं.

"परिच्छेद दोन. ओलं खाणं अर्धं पाकीट, अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून टाकणे. कामून? खाईल की सावकाश."

आता मे महिना, परभणी, दुपारी त्रेचाळीस डिग्री. या हवेत वरणसुद्धा संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तिथं ते मासळीचं गिच्च काय टिकणार. उरलेलं अर्धं फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचं, हे समजावून सांगितलं. काकांनी समासात लिहिलं, "कारण समाधानकारक." मग आतून काकू म्हणाल्या, "आव, दूध घालीन की मी त्याला, आपलं घरचं म्हशीचं." हे मला माहीतच होतं, म्हणून चिठ्ठीत 'दूध अजिबात नको' याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि मग ते साफ कोण करणार? काकूंना हे पटलंच नाही. त्यांच्या माहेरी गोठ्यातली सगळी मांजरं दुधावर वाढली म्हणे. त्या मांजरांचं पोट कधी कुणी तपासलं होतं का, हे मी विचारलं नाही. मग त्यांनीच विचारलं, ताप आला तर अर्धी तापाची गोळी द्यायची का? तेव्हा मात्र मी ओरडलोच. पॅरासिटामॉल मांजराला विषच, एका गोळीनंसुद्धा ते जाऊ शकतं. आपल्या घरात कुठलंही औषध कुणालाही द्यायची हौस असते, आजोबांची बीपीची गोळी चक्कर आली म्हणून सुनेला दिलेली मी पाहिलीय, पण ते जाऊ द्या.

खरी गंमत परिच्छेद चारला झाली. तिथं मी लिहिलं होतं, रोज सकाळी वाळूच्या ट्रेमधली लघवीची ढेकळं मोजा, मोजून झाल्यावर काढून टाका, आणि आकडा मला व्हॉट्सॲपवर कळवा.

काकांनी चष्मा काढला. "म्हंजे मांजर मुतायलंय का नाही, हे मी बघत बसू?"

मी म्हटलं, हो. चिठ्ठीतलं बाकी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. भुऱ्या नसबंदी केलेला बोका आहे. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते, त्यात बारीक खडे नाहीतर चिकट बुच अडकलं की लघवी तुंबते. तुंबली की अंगातलं विष बाहेर पडत नाही, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयच बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ खलास. उन्हाळ्यात पाणी कमी पिणारा कोरड्या खाण्यावरचा बोका असला की धोका जास्तच. आमच्याकडं मागच्या उन्हाळ्यात हे होता होता राहिलं. भुऱ्या सारखा ट्रेत जाऊन बसायचा, कळ काढायचा, ओरडायचा आणि ट्रेत दोन थेंब. आमच्या सासूबाई म्हणाल्या बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल द्या. नशीब की परभणीत व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथं नेला, त्यांनी नळी घालून मोकळं केलं आणि सांगितलं, मांजर कुंथतंय म्हटलं की लोकांना पोट साफ नाही एवढंच सुचतं, बोका असेल तर आधी लघवीचं बघा. तेव्हापासून मी ढेकळं मोजतो. भिजलेल्या वाळूचा घट्ट गोळा होतो, त्याचा आकार आणि संख्या बघितली की कळतं. भुऱ्याची रोजची दोन-तीन, लिंबाएवढी. एकदम बारीक बारीक पाच-सहा दिसली तरी फोन करायचा, आणि एकही नसलं तर दुसरं सगळं काम सोडून फोन करायचा.

हे सगळं मी सांगत होतो आणि काका लिहून घेत होते, माझ्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. शेवटी म्हणाले, "ठीक. आता चार्ज द्या."

"चावी दिली की काका."

"मांजराचा. मांजर प्रत्यक्ष हजर पाहिजे. न बघता सही करायची आपली सवय नाही."

भुऱ्या दिवाणाखाली. रात्रीची गाडी, बायको बॅगा भरतीय, पोरं भांडतायत, आणि मी जमिनीवर आडवा होऊन मांजर ओढतोय, का तर काकांना पंचनामा करायचाय. शेपूट दिसल्यावर काकांनी लिहिलं, "मांजर एक, भुरे, शेपटीसह." आणि सही. खरं सांगायचं तर या एका बाबतीत काकांचं मला पटलं. वाटी रिकामी दिसली म्हणजे मांजर जेवलं असं नसतं, मुंग्या येतात, खिडकीतून बाहेरचं मांजर येतं, आणि आपलं मांजर तोवर कपाटात कोंडलेलं असतं. रोज डोळ्यांनी बघायलाच पाहिजे. पण त्यासाठी मला आडवं कामून पाडायचं?

प्रवासात काकांचे मेसेज वेळेवर. "सकाळी 7.10 वा. ढेकळे : 3. मांजर हजर." दुसऱ्या दिवशी "ढेकळे : 2. मांजर हजर, नाराज." बायको म्हणाली बघ, किती जबाबदारीनं करायलेत. मी पण खूष.

दर्शनाच्या दिवशी, तिरुमलाला, मोबाईल जमा करायच्या खिडकीपाशी मेसेज आला. "ढेकळे : निरंक."

बस, एवढंच. मी फोन लावला, लागेना, मागचा माणूस ढकलायला लागला, बायको म्हणाली दे आधी तो मोबाईल, आणि मोबाईल गेला आत. आत मोबाईल चालत नाही. त्यानंतर मी किती तास त्या रांगेत उभा होतो देव जाणे, म्हणजे त्यालाच माहीत, तो समोरच होता. सगळी दुनिया गोविंदा गोविंदा म्हणायलीय आणि माझ्या डोक्यात पोटॅशियम. दर्शन झालं का विचाराल तर झालं, दोन सेकंद, त्यात मी नवस काय बोललो तर ढेकूळ होऊ दे. घरात कुणाला सांगायची सोय नाही.

बाहेर आल्या आल्या मोबाईल घेतला, काकांना फोन.

"काका, भुऱ्या ट्रेत सारखा जाऊन बसतोय का? ओरडतोय?"

"छे, निवांत झोपलंय की. सकाळचं खाल्लं, वाटी चाटून साफ."

हे ऐकून जरा जीवात जीव आला. लघवी तुंबलेला बोका असा पसरून झोपत नाही आणि खाणंही टाकतो. मग मी विचारलं, मोरीचं दार बंद आहे ना? चिठ्ठीत होतं, परिच्छेद पाच.

"उघडं ठेवलंय. मोरीत थंडावा असतो, जीव आहे बिचारा."

"वास येतोय का मोरीत?"

"येतोय, पण मोरी म्हटलं की वास येणारच."

म्हणजे स्वारी मोरीत जायला लागली होती. पण का, ट्रे सोडून? म्हटलं काका, ट्रेचा एक फोटो पाठवा. फोटो आला. पहिल्या दिवसापासूनची सगळी ढेकळं ट्रेतच, एका कोपऱ्यात ओळीनं लावून ठेवलेली. काका रोज एकूण मोजायचे आणि कालची वजा करायचे.

"काका, मोजून काढून टाका असं लिहिलं होतं की!"

"आव, पुरावा नष्ट कसा करणार? तुमी आल्यावर म्हणाल, तीन लिव्हलं, दाखवा तीन."

मांजराला घाण ट्रे चालत नाही, ते दुसरी जागा शोधतं, ही गोष्ट मी तिरुमलाच्या रस्त्यावर उभा राहून ओरडून सांगितली. ट्रे साफ करा, मोरी धुऊन दार लावा, संध्याकाळपर्यंत ट्रेत काही दिसलं नाही तर परडीत घाला आणि व्हेटर्नरीला न्या. काका म्हणाले, "हे लेखी द्या." मी दिलं. व्हॉट्सॲपवर, लाडू हातात धरून. संध्याकाळी मेसेज आला, "ढेकूळ : 1, मोठे. तूर्त धोका नाही."

यात काकांनी काही वाईट केलं असं कुणालाच वाटत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. उलट पाण्याच्या टँकरच्या रांगेत त्यांनी माझी चिठ्ठी सगळ्या गल्लीला वाचून दाखवली, परिच्छेद चार दोनदा, आणि माझ्या लिखाणातल्या त्रुटी सांगितल्या. लोक म्हणायलेत काका होते म्हणून मांजर वाचलं. अरे, वाचलं कशापासून? लाडू घेऊन गेलो तर आभार मीच मानायचे, आणि मानले पण. जाता जाता चिठ्ठी परत मागितली, कारण डॉक्टरचा नंबर त्याच्यावरच होता.

काका म्हणाले, "मूळ प्रत दप्तरी दाखल झाली. झेरॉक्स देतो. साधी पाहिजे का साक्षांकित?"