फोटोतून कार्डं बनवताना नांगर कुठे हरवतो?

"शब्दार्थांच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, त्यातला मजकूर कॉपी करा आणि तसाच अँकीत इम्पोर्ट करा. दोन मिनिटांत सगळी कार्डं तयार, टायपिंगची कटकट नाही!"

कार्डं दाखवून पाठांतर करून घेणाऱ्या अँकी या अ‍ॅपसाठी असा सल्ला देणारे भेटतात. फोटो काढायला दोन मिनिटं पुरतात, हे मान्य. गडबड सुरू होते ती 'कॉपी करा' इथे. पानावर डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ असतात, म्हणून आपण ते आडवं वाचतो. मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर मात्र अनेकदा उभं वाचतं. आधी डावा रकाना संपवतं, मग उजवा घेतं. हाती येते एक लांबलचक यादी, आणि कुठला अर्थ कुठल्या शब्दाचा हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

मग लोक दोन्ही याद्या शेजारीशेजारी चिकटवतात. मीही तेच केलं होतं. आमच्या वेंगुर्ल्यातल्या घरी भाचीसाठी समुद्रावरच्या धड्याचं पान घेतलं. डावीकडे 24 शब्द होते आणि उजवीकडे 26 ओळी आल्या. सातवा शब्द estuary. त्याचा अर्थ 'नदी समुद्राला मिळते ती जागा' एका ओळीत मावला नव्हता, 'मिळते ती जागा' हा तुकडा खाली उतरला होता. त्यामुळे harbour समोर 'मिळते ती जागा' आलं आणि lighthouse समोर 'बंदर'. पुढे mangrove चा अर्थही दोन ओळींचा निघाला, तेव्हा घसरण दोन घरांची झाली. पहिले सहा शब्द अचूक होते, म्हणून वरवर पाहिलं तेव्हा काहीच खटकलं नाही.

ओळी मोजल्या की हे पकडता येतं, पण नेहमीच नाही. एक अर्थ दोन ओळींत तुटला आणि दुसरा वाचायचा राहूनच गेला, तर दोन्हीकडचा आकडा जुळतो आणि मधल्या जोड्या तरी चुकलेल्याच राहतात. म्हणून मी मोजणीनंतर पहिली, शेवटची आणि मधल्या चारपाच जोड्या पुस्तकाशी ताडून बघते.

सरळ उपाय म्हणजे फोटोच उभा कापून दोन करायचा. मधली रेघ दोन्ही तुकड्यांतून वगळायची, नाहीतर तिचं | असं चिन्ह होऊन मजकुरात घुसतं. मग टेसरॅक्ट या मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक तुकडा त्याच्या भाषेत वाचायचा. मराठीची डेटा फाइल आधी बसवलेली हवी, नुसत्या इंग्रजीवर देवनागरीचा पार भुगा होतो.

```
tesseract davi.png davi -l eng --psm 6
tesseract ujvi.png ujvi -l mar --psm 6
```

यातला 6 म्हणजे 'हा सगळा एकच सलग मजकूर आहे' असं सांगणं. आता दोन्ही फाइली एडिटरमध्ये उघडून रिकाम्या ओळी काढायच्या, तुटलेले अर्थ जोडायचे आणि अनुस्वार तपासायचे. 'बंदर'चं 'बदर' झालेलं मशीनला कळत नाही, पोरगी मात्र तेच पाठ करते. ओळी जुळल्या की मग जोडणी:

```
paste davi.txt ujvi.txt > cards.txt
```

paste दोन रकान्यांमध्ये टॅब घालतं, आणि आपल्याला टॅबच हवा. 'तसाच इम्पोर्ट करा' म्हणणारे बहुधा स्वल्पविरामाची फाइल बनवतात. tide चा अर्थ 'भरती, उधाण' असा असेल तर तिथे तिसरा रकाना तयार होतो आणि कार्डावर नुसतं 'भरती' उरतं. फाइल UTF-8 मध्येच ठेवायची. एक्सेलमधून साधी CSV म्हणून सेव्ह केली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते.

आणखी एक खोच, जी मला फार उशिरा कळली. अँकी पहिल्या रकान्यावरून कार्ड ओळखतं. मराठी आधी ठेवावं असं मला वाटलं होतं. दुसऱ्या धड्यात plough म्हणजे नांगर होता, आणि या धड्यात anchor म्हणजेही नांगर. आधीची सेटिंग न बदलता इम्पोर्ट केलं, तर जुन्या कार्डावरचा plough पुसून तिथे anchor बसला. होडीचा नांगर आला आणि शेतातला गेला! त्यामुळे इंग्रजी शब्दच पहिल्या रकान्यात ठेवा.

राहता राहिली दोन मिनिटं. पावसाळ्यात आमच्याकडे पुस्तकं दमट होऊन पानं फुगतात, फोटोत ओळी धनुष्यासारख्या वाकतात आणि वाचन बिघडतं. पानावर काच ठेवून खिडकीच्या उजेडात, चकाकी टाळून फोटो घेतला तर पुष्कळ सुधारतं. तरीही त्या 24 शब्दांना दुरुस्तीसकट मला वीसेक मिनिटं लागली. दहाबारा शब्दच असतील तर मी फोटोच्या वाटेला जात नाही, हातानेच टाइप करते.