‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे नेमकं काय करता ओ तुम्ही?

आज संध्याकाळी पुतणीचा फोन आला. आवाज रडवेला होता. तिनं लिंक्डइनवरची हेडलाइन, म्हणजे नावाखाली दिसते ती ओळ, रविवारी बदलली होती. आधी तिथं ‘एक्झिक्युटिव्ह, डॉक्युमेंटेशन’ आणि पुढं कंपनीचं नाव होतं. तिनं त्याऐवजी आपण कुणासाठी काय करतो ते लिहिलं. तर तिच्या ऑफिसातल्या एका सिनियरनं त्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पद लिहायचं सोडून ही काय जाहिरात लावलीय?’ त्यावर बाकीच्यांनी हसून घेतलं. पोरीनं दुपारीच जुनी ओळ परत टाकली.

मला इतका राग आलाय की जेवण झाल्या झाल्या हे लिहायला बसले.

पद लिहिलं की काय कळतं हो? ‘डेप्युटी मॅनेजर’. कशाचा? एका कंपनीत डेप्युटी मॅनेजर पन्नास माणसं सांभाळतो, दुसरीकडं तो एकटाच असतो. पद हे कंपनीच्या आत पगार आणि रजा ठरवायला असतं. बाहेरच्या माणसाला त्यातून तुम्हाला फोन कधी करायचा हे कळत नाही. आणि ती ओळ बाहेरच्या माणसासाठीच असते. तुम्ही स्वतः काही लिहिलं नाही तर लिंक्डइन तिथं तुमचं पद आणि कंपनी जोडून टाकतं, आणि बहुतेक जण त्यालाच आपली ओळख समजून वर्षानुवर्षं तसंच ठेवतात.

मला हे कळलं ते नुकसान सोसून. माझं शिरोलीत मशीनिंगचं जॉब वर्क आहे, चार व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी कातकामाची मशीनं, आहेत. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या बॉडीचं एक काम आलं होतं. कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला भाग, ग्राहकाचं, मशीनिंग आमचं. कास्टिंग वरून एकदम स्वच्छ. बोअर मारला, म्हणजे आतली पोकळी कातून मापाला आणली, की आत भोकं. तीन-चार मिलिमीटर मटेरियल निघालं की उघडी पडायची, म्हणजे मशीनचा वेळ आणि टूल दोन्ही खर्च झाल्यावर तुकडा भंगारात. ग्राहक म्हणे मशीनिंगवाल्याचा दोष, फाउंड्री म्हणे आमच्याकडून तर चांगलं गेलं. मधे मी.

मला एकच माणूस हवा होता. ते भोक बघून सांगणारा, की हे गॅसचं आहे की आकसण्याचं. दोन्हींवर इलाज वेगळा. भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर बहुतेक वेळा गॅस अडकलेला असतो. आतली पोकळी करणारा वाळूचा कोअर ओला, साच्याच्या वाळूत ओल जास्त, नाहीतर हवा बाहेर जायला वाट नाही. आत खडबडीत, दातेरी, वेडंवाकडं असेल तर धातू थिजताना आकसला आणि त्याला मागून रस मिळाला नाही, म्हणजे तो रस पुरवणाऱ्या रायझरचा प्रश्न. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

मी लिंक्डइनवर शोधलं. ‘ब्लोहोल’, ‘कास्टिंग डिफेक्ट’, ‘कोल्हापूर’. समोर आले ते सिनियर इंजिनिअर, असिस्टंट मॅनेजर, प्रॉडक्शन हेड, आणि दोन-तीन ‘ध्येयवेडे व्यावसायिक’. चाळीसेक प्रोफाइल उघडली असतील. कुणाच्याही ओळीवरून कळेना की हा माणूस माझं भोक बघेल का. शेवटी पुण्याहून एकाला बोलावलं. येण्याजाण्याचा खर्च, एका दिवसाची फी, आणि त्याची तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे. तेवढ्यात आणखी दोन लॉट गेले.

आणि महिन्याभरानं एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका बोलता बोलता म्हणाले, ‘भोकं पडत होती म्हणे तुझ्याकडं? अगं मला सांगायचंस की!’ सव्वीस वर्षं आयर्न फाउंड्रीत काढलेला माणूस. हेच काम. उद्यमनगरात आमच्या जुन्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. घरी येऊन मी त्यांचं प्रोफाइल शोधलं. त्या चाळीसात ते होते. मी उघडून पुढं गेले होते. नावाखाली लिहिलं होतं ‘डेप्युटी मॅनेजर, क्वालिटी’.

त्या रात्री मी जेवले नाही. आजही ते आठवलं की पोटात तुटतं. पैशापेक्षा जास्त याचं, की इतकं ज्ञान असलेला माणूस दोन गल्ल्यांवर होता आणि त्याच्या ओळीनंच त्याला झाकून ठेवलं होतं.

आता त्या सिनियर साहेबांनी सांगावं, ती ‘जाहिरात’ असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

काकांनी गेल्या वर्षी नोकरी सोडली. तेव्हा मी त्यांच्याकडं जाऊन बसले आणि म्हटलं, ही ओळ आपण बदलायची. ते म्हणाले, ‘काय करायचंय ते लिहून? ज्याला माहीत हाय त्येला माहीत हाय.’ हे आपलं कोल्हापूरचं जुनंच. आपलं काम बोलतं. काम बोलतं हे खरंच आहे, पण ते ऐकायला माणूस आधी दारात तर यायला हवा!

पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, ‘फाउंड्री कन्सल्टंट’. हे पुन्हा पदच. मग म्हणाले, ‘फाउंड्रींना क्वालिटी सुधारण्यासाठी मदत करतो’. ऐकायला बरं वाटतं, पण मी विचारलं, काका, वाळू तपासायचं यंत्र विकणारा हीच ओळ लावू शकतो का? आयएसओची कागदपत्रं करून देणारा? दोघंही लावू शकतात. म्हणजे ती काकांची ओळ नव्हे.

मग मी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्हाला फोन कोण करतं आणि फोनवर पहिलं वाक्य काय असतं? ते लगेच म्हणाले, ‘साहेब, भोकं पडाय लागल्यात, रिजेक्शन वाढलंय, येऊन बघता काय?’ झालं. ओळ तिथंच होती. फोन करणारा जे शब्द बोलतो, तेच शब्द तो शोधतानाही टाइप करतो. आपल्या डोक्यातला ‘क्वालिटी एक्सलन्स’ कुणी रात्री अकरा वाजता शोधत नाही.

शेवटी जी ओळ ठरली ती मराठीत सांगायची तर अशी: ‘ब्लोहोल आणि श्रिंकेजचं रिजेक्शन कमी करून देतो, आयर्न फाउंड्रींसाठी. गेटिंग, रायझर, वाळू. 26 वर्षं शॉप फ्लोअरवर, कोल्हापूर.’ प्रत्यक्षात ती इंग्रजीत टाकली, कारण पुण्याचा किंवा कोईमतूरचा माणूस इंग्रजीतच शोधणार. तिथं 220 अक्षरांची मर्यादा आहे, आमची सव्वाशेच्या आसपास बसली. उरलेली जागा भरायचा मोह होतो. भरू नका. फोनवर शोधाच्या यादीत किंवा कुठं तुम्ही कमेंट केली की नावाखाली पूर्ण ओळ दिसत नाही, सुरुवातीचा तुकडा दिसतो आणि पुढं टिंबं. म्हणून काकांच्या ओळीत ‘ब्लोहोल’ पहिला शब्द आहे आणि अनुभवाची वर्षं शेवटी. ‘मी मदत करतो’ असं सुरुवातीला लिहून ती मोक्याची जागा घालवायची नाही.

‘आयर्न’ हा शब्द मात्र पहिल्या दिवशी नव्हता. नुसतं ‘फाउंड्रींसाठी’ होतं. तर पहिला फोन आला ॲल्युमिनियमच्या प्रेशर डायकास्टिंगवाल्याचा. तिथंही भोकंच, पण साच्यात धातू प्रचंड वेगानं मारला जातो, हवा त्यात कोंडते, सगळं गणितच निराळं. काकांनी सरळ सांगितलं, हे माझं काम नव्हे. त्याच संध्याकाळी ‘आयर्न’ घातला. कुणाला मदत करता हे लिहिताना कुणाला नाही हेही त्यातच ठरतं, आणि चुकीचे फोन यायला लागले की समजायचं तो शब्द सैल राहिलाय.

पुढच्या चार-पाच महिन्यांत त्यांना तीन फोन आले, तिन्ही कामाचे. फार नाहीत. पण त्यातला एक शिरोलीतलाच होता, माझ्या शेडच्या मागचा, आणि तो काकांना ओळखतही नव्हता.

हो, नोकरी शोधणाऱ्यानं पद अजिबात काढू नये हे मला मान्य आहे. भरती करणारे लोक बहुतेकदा पदाच्या नावानं शोधतात, तेव्हा ते शब्द ओळीत शेवटी राहू द्या. आणि बँकेतल्या, सरकारी नोकरीतल्या माणसाला याची गरज नसेल, तेही ठीक.

पण हसायचं कशाला? ती पोर कास्टिंग निर्यात करणाऱ्यांची कागदपत्रं करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, ही ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी; तिच्यात मालाचं वर्णन जसं लिहिलंय त्याच्याशी इन्व्हॉइस जुळला नाही, तर बँक त्रुटी काढते आणि माल पोचूनही पैसे अडकतात. ती हे आधी पकडते. चोवीस वर्षांची आहे. या गावात किती निर्यातदारांना अशी मुलगी हवी आहे! आणि तिनं पुन्हा ‘एक्झिक्युटिव्ह’ व्हायचं?

आता थोडी शांत झालेय, तर एक कबूल करते. तिनं रविवारी लिहिलेली ओळ मी मगाशी नीट वाचली. ‘निर्यातीचं एकही कन्साइनमेंट अडू देत नाही.’ हे चुकलं होतं. कस्टम्स, जहाज, बंदर यातलं काहीच तिच्या हातात नाही. जे हातात नाही त्याचा शब्द नावाखाली देऊ नये, तेवढ्यापुरतं त्या सिनियरला काहीतरी खटकलं असेल तर ते बरोबर होतं. हसणं बरोबर नव्हतं.

काकांच्या ओळीतही आम्ही म्हणूनच ‘कमी करून देतो’ लिहिलं. ‘बंद करतो’ म्हटलं असतं तर पहिल्याच फाउंड्रीत तोंडावर पडलो असतो. टक्क्यांचा आकडाही टाकला नाही, कारण तो ज्या कंपनीतला, तिची परवानगी नव्हती.

पुतणीला आत्ता परत फोन केला. काकांना विचारला तसाच प्रश्न तिलाही विचारला, तुला ऑफिसात हाक कधी मारतात? म्हणाली, ‘एलसी आली की. म्हणतात, बघ गं, बँक काही काढणार नाही ना.’ मग दोघींनी मिळून लिहिलं: ‘एलसीशी तंतोतंत जुळणारी निर्यातीची कागदपत्रं, कास्टिंग एक्स्पोर्टरांसाठी. डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह, कोल्हापूर.’

दहा वाजून वीस मिनिटांनी तिनं ती टाकली. मी बघून आले, फोनवर ‘जुळणारी’पर्यंत दिसतेय. ‘निर्यातीची’ आधी घ्यायला सांगितलंय.