‘नोव्हा’ची दंतकथा आणि घोषवाक्याचा खरा धोका

«शेवरोलेची ‘नोव्हा’ गाडी लॅटिन अमेरिकेत आपटली, कारण स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’. शेवटी कंपनीला नाव बदलून ‘कारिबे’ करावे लागले. घोषवाक्य परभाषेत नेताना प्रत्येक शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहिला, की पुरे.»

हा किस्सा अनेकदा असाच सांगितला जातो, पण ही गाडी आपटली नव्हती. १९७२ ते १९७८ या काळात ती प्रामुख्याने मेक्सिको आणि व्हेनेझुएलात बऱ्यापैकी खपली आणि व्हेनेझुएलातील विक्री तर कंपनीच्या अपेक्षेहून अधिक होती. ‘कारिबे’ हे मेक्सिकोत फोक्सवॅगनच्या गाडीचे नाव होते. त्याचा नोव्हाशी संबंध नाही.

भाषेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ‘नोव्हा’ या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर येतो, तर ‘नो वा’ या दोन शब्दांत तो ‘वा’वर येतो, त्यामुळे स्पॅनिश कानाला ही दोन वेगळी उच्चारणे आहेत. ‘जळगाव’ ऐकून मराठी माणसाला गाव जळताना दिसत नाही, तसेच हे आहे. शिवाय मेक्सिकोची सरकारी तेलकंपनी पेमेक्स ‘नोव्हा’ याच नावाने पेट्रोल विकत असे आणि लोक ते गाडीत भरत असत.

शब्दकोश पुरेसा आहे, हा निष्कर्ष मला सर्वांत घातक वाटतो. मित्सुबिशीची ‘पजेरो’ स्पॅनिशभाषक बाजारांत ‘मोंतेरो’ नावाने विकली जात असे, कारण तिथल्या बोलीत मूळ नाव ही सरळ अश्लील शिवी आहे. इथे शब्द तोडावा लागत नाही आणि आघातही बदलत नाही, म्हणून हा धोका खरा होता.

हिंदीतून मराठीत येताना लिपी एकच असल्यामुळे हा धोका नजरेतून निसटतो. हिंदी ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठी ‘शिक्षा’ म्हणजे दंड. ‘समग्र शिक्षा’ हे सरकारी योजनेचे नाव महाराष्ट्रातही चालते, कारण शाळेच्या संदर्भात वाचक ते नाव म्हणूनच घेतो. पण एखाद्या शिकवणी वर्गाने ‘उत्तम शिक्षा, हीच आमची हमी’ असे छापले, तर तिथे तो शब्द नाव न राहता वाक्यातला अर्थवाही शब्द होतो आणि पालकाला दंडाची हमी मिळते. ‘चेष्टा’चेही तसेच आहे: हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा.

म्हणून मराठी मजकूर तपासायला देताना मूळ हिंदी ओळ सोबत देऊ नये. ती आधी वाचलेल्या माणसाच्या डोक्यात तिचाच अर्थ बसतो आणि मग ‘शिक्षा’ त्याला खटकत नाही. ज्या गावात जाहिरात लागणार आहे तिथल्या चार-पाच जणांना ओळ मोठ्याने वाचायला सांगावी आणि काय विकले जात आहे व कशाचे आश्वासन दिले आहे, एवढेच विचारावे. अर्थ सांगण्यापूर्वी वाचणारा जिथे अडखळतो किंवा हसतो, तो शब्द बदलावा.