एडीएफ चाचणीचे ‘तीन सोपे नियम’ आणि माझ्या भाचीचा चुकलेला निकाल

«एडीएफ चाचणीचे तीन सोपे नियम. १) लॅग किती घ्यायचे ते सॉफ्टवेअरला कळते, त्यात हात घालू नका. २) ट्रेंड, ड्रिफ्ट आणि नन असे तिन्ही प्रकार चालवा, ज्यात p ०.०५ च्या खाली येईल तो अहवालात द्या. ३) p वर राहिला तर युनिट रूट सिद्ध झाले, डिफरन्स घ्या आणि पुढे चला. पुढे पाठवा, प्रबंधवाल्यांना उपयोगी पडेल.»

हा संदेश तीन वेगवेगळ्या गटांतून फिरत माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने त्यानुसार प्रबंधाचे एक प्रकरण लिहूनही टाकले, म्हणून हा खटाटोप. एडीएफ म्हणजे ऑगमेंटेड डिकी-फुलर चाचणी. मालिकेत युनिट रूट आहे, म्हणजे धक्का बसल्यावर ती आपल्या सरासरीकडे किंवा ट्रेंडकडे परतत नाही, ही तिची शून्य परिकल्पना. ती नाकारली गेली तर मालिका स्थायी मानतात. लॅग म्हणजे समीकरणात घातलेले मालिकेचे मागच्या काळातले फरक. तिची मालिका मासिक आहे. आठ वर्षांची ९६ निरीक्षणे आहेत, लॉग घेतलेला आहे, आलेख सावकाश चढत जातो आणि दरवर्षी ठरावीक महिन्यांत उसळून पुन्हा खाली येतो. पहिल्या नियमाप्रमाणे तिने R च्या `tseries` पॅकेजमधली `adf.test(y)` जशीच्या तशी चालवली आणि पडद्यावर हे आले:

```
Dickey-Fuller = -3.87, Lag order = 4, p-value = 0.01865
alternative hypothesis: stationary
```

मालिका ट्रेंडभोवती स्थायी आहे, असे तिने लिहिले. पण हे ४ आले कुठून? या आज्ञेचा डीफॉल्ट `trunc((length(x)-1)^(1/3))` असा आहे. ९५ चे घनमूळ ४.५६, म्हणून ४. मालिका मासिक आहे की वार्षिक, तिच्यात ऋतुमान आहे की नाही, यांपैकी काहीही त्या सूत्राला ठाऊक नसते. त्याला फक्त निरीक्षणांची संख्या कळते. याच आज्ञेच्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे, की नमुना वाढेल तसे लॅग कोणत्या गतीने वाढू द्यावेत, त्या गतीच्या सुचवलेल्या कमाल मर्यादेला अनुसरून हा डीफॉल्ट ठेवला आहे. सैद व डिकी यांच्या १९८४ च्या निष्कर्षामागेही अशीच गतीची अट आहे. म्हणजे सूत्र अगदीच हवेतून काढलेले नाही, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र गतीवरची मर्यादा वेगळी आणि तुमच्या मालिकेला पुरेसे लॅग वेगळे.

लॅग घालायचे ते शेषपदांत स्वसहसंबंध उरू नये म्हणून, कारण तो उरला तर डिकी-फुलर तक्त्यातली क्रांतिक मूल्ये लागूच पडत नाहीत. मी भाचीला ४ लॅगच्या समीकरणाची शेषपदे काढून त्यांचा स्वसहसंबंध पाहायला सांगितले. बाराव्या लॅगला ०.४८ आला, ९१ शेषपदांसाठी मर्यादा साधारण ०.२१ असते. जे व्हायचे तेच झाले होते. दरवर्षीची उसळी आणि त्यानंतरची घसरण पाहून चाचणीला वाटले, की मालिका आपल्या ट्रेंडकडे परत ओढली जाते आहे. ते परतणे ऋतूचे होते, आणि युनिट रूट असलेली मालिकाही ऋतूबरोबर अशीच वरखाली होऊ शकते.

लॅगची कमाल संख्या ठरवायला श्वर्ट यांचा १९८९ चा नियम आहे: `12*(T/100)^(1/4)`. ९६ निरीक्षणांना तो ११.९ देतो. मासिक मालिकेत एक वर्ष मागे जाता आलेच पाहिजे, म्हणून आम्ही १२ धरले. तिथून खाली यायचे. शेवटच्या लॅगचा t निरपेक्ष मूल्याने १.६ च्या आसपासच्या उंबरठ्याखाली असेल तर तो लॅग काढायचा, नसेल तर तिथेच थांबायचे. `urca` मधल्या `ur.df(y, type="trend", lags=12)` या आज्ञेचा कामापुरता भाग असा:

```
             Estimate Std. Error t value Pr(>|t|)
z.lag.1      -0.24100    0.10760  -2.240   0.0284 *
tt            0.00094    0.00043   2.186   0.0323 *
z.diff.lag12  0.41300    0.10100   4.089   0.0001 ***

Value of test-statistic is: -2.2398 2.71 2.62

      1pct  5pct 10pct
tau3 -4.04 -3.45 -3.15
phi2  6.50  4.88  4.16
phi3  8.73  6.49  5.47
```

वाचायला सुरुवात गुणकांच्या तक्त्यातल्या खालच्या ओळीपासून करावी. `z.diff.lag12` हा फरकांचा लॅग आहे, त्याचा t नेहमीच्या तक्त्याशी ताडता येतो, आणि ४.०९ म्हणजे बारावा लॅग राहणार. `z.lag.1` समोरचा तारा मात्र फसवा आहे. तो ०.०२८४ नेहमीच्या t वितरणातून काढलेला आहे आणि युनिट रूट असेल तर या गुणकाचे वितरण तसे नसते. म्हणून तोच -२.२४ `tau3` च्या ओळीतल्या पाच टक्क्यांच्या क्रांतिक मूल्याशी, -३.४५ शी, ताडायचा. तो त्यापेक्षा खाली गेलेला नाही, तेव्हा युनिट रूटची शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. `tt` समोरच्या ताऱ्यालाही तेच लागू. ट्रेंडचा गुणक शून्य आणि युनिट रूट या दोन्ही गोष्टी एकत्र तपासणारा `phi3` येथे २.६२ आहे, हवा होता ६.४९ च्या वर. बाराव्या लॅगचा शेषपदांतला स्वसहसंबंध आता ०.०६ वर आला आहे. भाचीचा पहिला निष्कर्ष इथे उलटला.

आज्ञेत `selectlags="BIC"` लिहून निर्धास्त होणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट: `lags` दिले नाहीत तर त्याचा डीफॉल्ट १ असतो आणि निवड तेवढ्यातच होते.

दुसरा नियम वाचून मात्र माझा संयम सुटला. ननमध्ये समीकरणाला स्थिरांकही नसतो, ड्रिफ्टमध्ये फक्त स्थिरांक असतो, ट्रेंडमध्ये स्थिरांक आणि ट्रेंड दोन्ही. तिन्ही प्रकारांचे ५ टक्क्यांचे उंबरठे वेगळे आहेत: नन -१.९५, ड्रिफ्ट -२.८९, ट्रेंड -३.४५. प्रत्येक चाचणीत पाच टक्के चुकीची मुभा ठेवून तिघांतला सोयीचा निकाल उचलला, की एकूण चूक पाच टक्क्यांची राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रकार ही चव नव्हे, तो मालिकेविषयीचा दावा असतो. चढत्या मालिकेला फक्त स्थिरांक दिला, तर ट्रेंडभोवती स्थायी असलेली मालिकाही त्या समीकरणाला ओळखता येत नाही. चढ दाखवायला त्याच्याकडे युनिट रूटखेरीज साधनच नसते. भाचीच्या मालिकेवर १२ लॅग ठेवून ड्रिफ्टने -१.०५ दिला आणि ननने चक्क धन १.८८. लॉग मूल्ये साडेचारच्या आसपास असताना ‘नन’ म्हणजे मालिका स्थायी असल्यास तिची सरासरी शून्य आहे असे म्हणणे. आलेखाकडे एकदा पाहिले असते तरी हे कोणी लिहिले नसते. उलट, ट्रेंड नसलेल्या मालिकेला ट्रेंड दिला तर चाचणीची ताकद घटते, म्हणून ‘सगळे घाला’ हाही उपाय नव्हे. आधी आलेख पाहायचा, मग प्रकार ठरवायचा आणि p नंतर बघायचा.

तिसऱ्या नियमात अर्धे तथ्य आहे: परिकल्पना नाकारता आली नाही तर डिफरन्स घेणे हा पुष्कळदा समंजस मार्ग असतो. ‘सिद्ध झाले’ हे मात्र खोटे. इथेच पाहा: गुणक -०.२४ आहे, म्हणजे अंदाजलेले मूळ ०.७६, एकाच्या फार जवळही नाही. पण प्रमाण त्रुटी ०.११ आहे आणि १२ लॅगपायी समीकरणात ८३ निरीक्षणेच उरली आहेत. एवढ्या माहितीवर चाचणी युनिट रूट नाकारू शकली नाही, इतकेच म्हणता येते.

म्हणून ऋतुमान लॅगवर न सोपवता मी तिला स्थिरांक आणि ट्रेंडसोबत महिन्यांचे ११ डमी घालायला सांगितले. मोठ्या नमुन्यात त्यांच्यामुळे `z.lag.1` च्या t चे मर्यादा-वितरण बदलत नाही, म्हणून क्रांतिक मूल्ये तीच चालतात. `ur.df` मध्ये ती सोय नसल्याने समीकरण `lm` ने हाताने मांडावे लागले. शेवटून लॅग काढत गेल्यावर २ पुरले, निरीक्षणे ९३ उरली आणि t -२.६१ आला. तोही -३.४५ च्या वरच. आता तिच्या प्रकरणात दोन्ही समीकरणे शेजारी छापली आहेत आणि -३.८७ ची ओळ तिने स्वतः खोडली आहे.