काळी पट्टी म्हणजे कोमल? व्हिडिओवरून हार्मोनियमचं नोटेशन उतरवताना

"हार्मोनियमचा व्हिडिओ म्यूट करून बघा. बोट पांढऱ्या पट्टीवर पडलं तर शुद्ध, काळीवर पडलं तर कोमल, असं ओळीने लिहीत चला. कान तयार नसला तरी पंधरा मिनिटांत नोटेशन हातात."

पुण्यात हार्मोनियम शिकणाऱ्यांमध्ये हा मजकूर बराच फिरतो आहे. यातलं शुद्ध-कोमलचं वाक्य आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त वह्या त्यानेच बिघडतात.

ते वाक्य फक्त एकाच ठिकाणी जवळपास बरोबर ठरतं, जेव्हा सा पांढरी एकवर असतो. तिथेसुद्धा पांढरी चार आणि पांढरी पाचच्या मधली काळी पट्टी कोमल नसून तीव्र मध्यम असते. आपल्याकडे शिकवताना सा बऱ्याचदा काळी एकला धरतात. तिथून मोजून पाहा. काळी एक सा, काळी दोन रे, पांढरी चार ग, काळी तीन म, काळी चार प, काळी पाच ध आणि त्याच्या पुढच्या सप्तकातली पांढरी एक नि. म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या शुद्ध किंवा अचल स्वरांच्या झाल्या. चारही कोमल स्वर आणि तीव्र म एकूणएक पांढऱ्यांवर गेले. नियम नुसता चुकत नाही, उलटा होतो.

धड्यात भूप काळी एकमध्ये वाजतोय असं धरा. बोटं काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार आणि काळी पाचवर पडणार. वरच्या पद्धतीने लिहिणाऱ्याच्या कागदावर रे॒ ग॒ म ध॒ नि॒ उतरतं. ज्यात साही नाही आणि पही नाही असा भूप!

म्हणून पहिलं काम सा ठरवण्याचं, आणि त्यासाठी आवाज लागतो. शिकवणारे सुरुवातीला पट्टी सांगतात का ते ऐका. सांगत नसतील तर मागचा तानपुरा कुठल्या स्वरावर आहे आणि ओळ शेवटी कुठे येऊन टेकते ते ऐका. मग त्या क्षणी बोट कुठल्या पट्टीवर आहे ते बघा. ती पट्टी सा. तिथून लगतच्या पट्ट्या, काळी-पांढरी असा भेद न करता, एकेक करून मोजा: एक पट्टी पुढे रे॒, दोन रे, तीन ग॒, चार ग, पाच म, सहा म॑, सात प, आठ ध॒, नऊ ध, दहा नि॒, अकरा नि. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर असला की पट्टी कुठलीही असो, अडत नाही.

ट्यूनर अ‍ॅपने खात्री करायला हरकत नाही, पण स्केलचेंजर पेटी असेल तर गोंधळ होतो. त्यात सगळ्या पट्ट्या आतल्या सुरांवरून सरकवता येतात. बोट पांढरी एकवर दिसतं आणि ट्यूनर `C#` दाखवतो. दोन्ही खरंच असतं. अशा वेळी बोटाखालची पट्टी सा धरून तिथूनच मोजायचं, ट्यूनरचं नाव फक्त वर "पट्टी: काळी एक" असं नोंदवायला वापरायचं.

सप्तकाच्या बाबतीत मात्र उलट. तिथे कान फसतो. दोन-तीन सुरांच्या पेटीत एकाच पट्टीला खर्ज आणि नर दोन्ही वाजतात, कपलर लावला असेल तर आणखी एक सप्तक मिसळतं. ऐकून मंद्र की मध्य हे ठरवू नका. कपलर चालू असल्याची खूण चित्रात दिसते: बोट नसलेली पट्टी आपोआप खाली जाते. तिचा स्वर लिहायचा नाही, बोटाखालचाच लिहायचा.

आता म्यूट करण्याबद्दल. त्याच भुपातली तीनतालाची ही एक ओळ घ्या, लय मिनिटाला 80 मात्रा:

× ग – रे सा | २ ध़ सा रे – | ० ग रे ग प | ३ ग – रे सा

आवाज बंद करून बोटांवरून लिहिली तर ग रे सा ध़ सा रे ग रे ग प ग रे सा असे 13 स्वर मिळतात. तीन मात्रा गळाल्या. बोट किती वेळ टेकलंय हे दिसतं, मान्य. पण बरेच वादक मात्रा संपायच्या आत बोट उचलतात, आणि चार वेळा आलेल्या ग पैकी समेवरचा कुठला हे चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठेक्यात ऐकू येतं. हिशेबही सोपा आहे. 80 च्या लयीत मात्रा पाऊण सेकंदाची, म्हणजे आवर्तन 12 सेकंदांचं. सम 41 व्या सेकंदाला असेल तर पुढची 53 व्या सेकंदाला यायला हवी. आधी सगळ्या समा सेकंदांनिशी लिहून काढा, मग मधली घरं भरा. स्वर घरांत बसेनात तर चूक त्याच आवर्तनात शोधायची, अख्खी ओळ पुसायची नाही.

डोळ्याची खरी गरज लागते ती एकाच स्वराच्या पुनरावृत्तीत. भात्याला झटका बसला की दाबलेल्या पट्टीचा आवाज मध्येच फुगतो आणि कानाला "ग ग" वाटतं. पट्टी वर आली नसेल तर तो "ग –" आहे. याउलट जलद वाजवताना पट्टी जेमतेम उचलली जाते, चित्रात हलल्यासारखी वाटतही नाही, पण आवाज तुटलेला ऐकू येतो. तो "ग ग". यूट्यूबवर वेग 0.5 करा, पट्टी तीच राहते. थांबवून `.` दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, `,` दाबलं की मागे. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एका मात्रेत आठ स्वर असतील तर एका स्वराला दोन-तीनच फ्रेम मिळतात. तिथे बोट धूसर दिसतं. कानानेच लिहावं लागतं.

शिकवणारे गात गात वाजवत असतील तर गळ्यातली मींड लिहू नका. पेटीत मींड निघत नाही. बोटांनी घेतलेला कण तेवढा मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात येतो.

पंधरा मिनिटांची गोष्ट सोडून द्या, पण सुरुवातीची दोन मिनिटं चित्र सरळ आहे का हे पाहण्यात घालवा. आरोह वाजताना बोटं तुमच्या डावीकडे सरकत असतील तर एक तर कॅमेरा वादकाच्या समोर आहे किंवा चित्र आरशासारखं उलटलं आहे. पेटीवरची अक्षरं उलटी दिसली तर दुसरा प्रकार. तो लवकर लक्षात येत नाही, कारण दोन काळ्यांचा आणि तीन काळ्यांचा गट आरशातही तसाच दिसतो. मग पांढरी एक आहे तिथे आपण पांढरी तीन वाचतो. समोरून घेतलेलं चित्र अर्धं फिरवून चालतं, आरशातलं मात्र डावं-उजवं पलटवूनच घ्यावं लागतं.

आणि कागदाच्या डोक्यावर पद्धतीचं नाव लिहा. वर वापरलेल्या खुणा भातखंडे पद्धतीच्या आहेत: कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र म ला वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब. पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्यामुळे इथे पलुस्कर पद्धतीच्या वह्याही घरोघरी सापडतात. त्या पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं आणि वरची उभी रेघ तारसप्तकाची. नाव नसेल तर तुमचा तार सा दुसरा कुणी खर्जात वाजवेल.