बोलून केलेली कविता म्हणे ‘आयती’!

आज एका काव्यवाचनानंतर एक ज्येष्ठ कवी सगळ्यांसमोर मला म्हणाले, “तुम्ही फोनमध्ये बोलून कविता करता म्हणे? बरंय बाई, आयतं काम!” लोक हसले. मीही हसले, आणि घरी येईपर्यंत धुमसत राहिले.

आयतं? या, दाखवते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मैत्रिणीशी बोलणं तुटलं होतं. संध्याकाळी फिरताना रेकॉर्डर चालू केला आणि बोलत सुटले. दुसऱ्या दिवशी वहीत उतरवलं ते असं: “तुझा नंबर अजून आहे माझ्या फोनमध्ये, म्हणजे... अं... लागत नाही आता. (६ सेकंद) नाही, लागतो. मीच लावत नाही.”

आता सांगा, हातात पेन असतं तर काय केलं असतं मी? ‘लागत नाही’ खोटं आहे हे लक्षात आल्याबरोबर त्यावर काट मारली असती आणि थेट खरं वाक्य लिहिलं असतं. संपली कविता. पेन चूक खोडतं, रेकॉर्डर चूक ठेवतो. आणि इथे चूक हीच कविता होती! आधी स्वतःशी खोटं बोलणं, मग सहा सेकंदांनी कबूल करणं.

त्या सहा सेकंदांत अजून एक गोष्ट ऐकू येते: पावलं थांबतात. तोवर चपलांचा एकसारखा आवाज आहे. चालताना बोललं की मराठी ओळ आपसूक आठ अक्षरांत पडते, करून बघा. ‘तुझा नंबर अजून’ आठ, ‘आहे माझ्या फोनमध्ये’ आठ. हा चालण्याचा फायदा आणि हाच सापळा. दहा मिनिटं असंच चाललं की सगळं टकटक टकटक, पाळण्यासारखं, आणि अर्थ झोपी जातो. ‘लागत नाही आता’ला मात्र एक अक्षर कमी पडलं आणि पाऊलही अडलं. कागदावर मी तिथेच ओळ तोडली, खाली एक ओळ कोरी सोडली:

तुझा नंबर अजून
आहे माझ्या फोनमध्ये.
लागत नाही आता.

नाही.
लागतो.
मीच लावत नाही.

‘म्हणजे’ आणि ‘अं’ गेले. ‘म्हणजे’ काढायला मला चार दिवस लागले, कारण ते काढलं की आधीचं खोटं जास्त ठाम होत होतं. तेच हवं होतं, पण कळायला वेळ लागला. हे आयतं काम बरं का.

अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६६ मध्ये गाडीतून फिरताना टेपरेकॉर्डरवर कविता बोलत होता आणि बटण बंद-चालू केल्याचा ‘क्लिक’ जिथे येई तिथे ओळ तोडत होता. त्याला कोणी आयतं म्हणालं असेल तर असो.

बरं, मान्य करते, बोललेल्यातलं बहुतेक सगळं कचरा असतं. माझ्या वीस रेकॉर्डिंगांतून दोनेक कविता निघतात. आणि आवाज फसवतो हेही खरं. गळा दाटला की भिकार ओळसुद्धा थोर वाटते. म्हणून मी दोन वेळाच ऐकते, एकदा उतरवताना आणि एकदा थांबे मोजायला. त्यानंतर फक्त कागद. मग दुसऱ्या कुणाला तरी सपाट आवाजात वाचायला लावते. त्यांच्या तोंडून ओळ मेली, तर ती माझ्या गळ्यावरच जगत होती.

बोललेलं आपोआप टाईप करून देणारी सोय वापरून पाहिली. नको. ती ‘अं’ गाळते, थांबे गिळते, सहा सेकंदांचं अर्धं सेकंद करते. हातानेच उतरवायचं, वहीच्या उजव्या पानावर, जसंच्या तसं; थांबा आला की तिरपी रेघ, वर सेकंद. डावं पान कवितेसाठी मोकळं. फोन तोंडासमोर नाही, हनुवटीच्या बाजूला, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला नुसती फुंकर ऐकू येते. वारा असला तर पाठ वाऱ्याकडे. माझी पहिली दोन महिन्यांची रेकॉर्डिंगं खिशात फोन ठेवून केलेली आहेत. त्यात कापडाची खसखस सोडून काहीही नाही, आणि त्यात कुठेतरी एक चांगली ओळ होती असं मला अजून वाटतं.

लिहिता लिहिता राग उतरला. ते गृहस्थ टेबलाशी बसून लिहीत असतील, लिहू देत. त्यांच्या चांगल्या ओळीही मला पाठ आहेत, हे त्यांना सांगणार नाही.

ते रेकॉर्डिंग मात्र मघाशी पुन्हा ऐकलं. स्वतःचाच नियम मोडला. ‘मीच लावत नाही’नंतर बराच वेळ काही नाही, मग लांबून सायकलची घंटी, आणि मग माझाच आवाज, अगदी साधा: “बरं, बंद करते.”

ते कवितेत घेतलं नव्हतं.