रिक्रूटरला पगाराचं विचारणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : ताई, लेख वाचला. घरात बसून सल्ले द्यायला काय जातं? सांगलीच्या पोरानं रिक्रूटरला "फंडिंग किती, पगार कधी थकला होता का" असं विचारलं तर समोरचा परत फोन उचलणार नाही. आणि त्या बिचाऱ्याला कंपनीच्या खात्यातलं काय माहीत असणार? फंडिंग असलेल्या कंपन्याही बुडतात, नसलेल्या चालतात. तुमच्यासारख्यांमुळे आपल्याकडची पोरं घाबरतात. – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर :

नमस्कार. नव्या कंपनीची ऑफर स्वीकारण्याआधी रिक्रूटरला फंडिंगचं आणि पगाराचं विचारा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, मग लिहायला बसले. "ताई" म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच वाक्यात "घरात बसून" म्हणायचं, हे मला पटलेलं नाही. मुद्दा पटला नाही तर तसं म्हणा, त्यावर बोलू. मी कुठे बसून लिहिते याचा त्या मुद्द्याशी काही संबंध नाही. पण तुम्ही तो विषय काढलाच आहे, तर सांगते.

पुण्यात बाणेरला एका नव्या कंपनीत मी नोकरीला होते. नाव घेत नाही. रुजू होण्याआधी फंडिंगचा आकडा मला आवर्जून सांगितला गेला होता आणि तो खराही होता. पहिले काही महिने पगार एक तारखेला जमा व्हायचा. मग पाच, मग बारा, मग "या महिन्यात निम्मा घ्या, उरलेला पुढच्या आठवड्यात". दर वेळी कारण वेगळं असायचं: बँकेची सुट्टी, ऑडिट, गुंतवणूकदार परदेशात. आईचे उपचार मिरजेला चालू होते आणि तिथल्या बिलाला असली कारणं चालत नाहीत. एका संध्याकाळी मी पगारपत्रक आणि पीएफचं पासबुक शेजारी शेजारी उघडलं. पगारपत्रकावर दर महिन्याला पीएफ कपात 1,800 रुपये छापलेली. पासबुकात मात्र शेवटची नोंद बऱ्याच महिन्यांपूर्वीची. आमच्या पगारातून कापलेले पैसे पीएफ कार्यालयात पोचतच नव्हते. आम्हाला पगार उशिरा मिळायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. म्हणजे बाहेरच्या माणसाला ते आमच्याही आधी दिसू शकलं असतं.

मी लेख लिहिला तो या अनुभवावर. घरात बसून सुचलेला नाही.

आता तुमच्या एका वाक्याबद्दल, कारण तेवढं एकच उत्तर देण्याजोगं आहे: रिक्रूटरला काय माहीत असणार. अर्धं मान्य करते. कन्सल्टन्सीचा रिक्रूटर असेल तर त्याला कंपनीच्या खात्यातली शिल्लक खरंच माहीत नसते, आणि हा फरक मी लेखात ठळक करायला हवा होता, एवढं कबूल. पण म्हणून त्याला विचारू नये, हे कुठून आलं? तुमचा आणि कंपनीचा दुवा तोच आहे. त्याला विचारायचं ते त्यानं प्रश्न आत, एचआरकडे किंवा संस्थापकाकडे पोचवावा म्हणून. आणि एक गोष्ट अशी आहे की जी कंपनीच्या स्वतःच्या रिक्रूटरला नक्की माहीत असते, कारण त्याचाही पगार तिथूनच होतो: गेल्या वर्षभरात पगार कोणत्या तारखेला झाला.

म्हणून माझा पहिला प्रश्न फंडिंगचा नसतो, तारखेचा असतो. "गेल्या बारा महिन्यांत पगार ठरलेल्या तारखेनंतर झाला, असा एखादा महिना होता का? असल्यास किती दिवसांनी?" याचं उत्तर हो किंवा नाही असंच येऊ शकतं. "आमचे गुंतवणूकदार फार भक्कम आहेत" हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तसं उत्तर आलं की मी पोरांना सांगते, हाच प्रश्न मेलवर पुन्हा पाठव. वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. सातनंतर झालेला पगार उशिराचाच, मग तो किती गोड शब्दांत सांगितला तरी.

यात उद्धटपणा कुठला? आपल्या जिल्ह्यातला शेतकरी कारखान्याला ऊस घालण्याआधी मागच्या हंगामाचं बिल 14 दिवसांत मिळालं का, हे गावभर विचारतो. त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. मग त्याच शेतकऱ्याच्या पोरानं महिनाभराच्या कामाच्या पैशाबद्दल विचारलं की त्याला पायरी का दाखवायची? तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त हेच लागलं. "सांगलीच्या पोरानं" हे शब्द तुम्ही वापरले आहेत. पुण्यामुंबईच्या पोरानं विचारलेलं चालतं आणि आपल्यानं मान खाली घालून घ्यायचं, असंच त्यातून निघतं. हे मी मान्य करणार नाही.

आणि फोन उचलणार नाही म्हणता, तर झालेली गोष्टच सांगते. आमच्या ओळखीतली एक मुलगी कुपवाडला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होती. पुण्याच्या एका नव्या कंपनीनं तिला जवळपास दुप्पट पगाराची ऑफर दिली. तिनं पहिल्या फोनवर काहीच विचारलं नाही. ऑफर हातात पडल्यावर, पण इथला राजीनामा देण्याआधी, तिनं रिक्रूटरला मेल टाकला. वेळ हीच. त्याआधी विचारलं तर समोरच्याला उत्तर द्यायची गरज नसते आणि राजीनाम्यानंतर विचारलं तर उत्तर ऐकून आपल्याला काही करता येत नाही. लेखात हे स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, याची मला शंका आहे.

रिक्रूटर गायब झाला नाही. दोन दिवसांनी त्यानं संस्थापकाशी कॉल लावून दिला. संस्थापकानं मोकळेपणानं आकडे सांगितले, त्याबद्दल त्याचं कौतुकच आहे. 2 कोटींची गुंतवणूक जाहीर झालेली, पण खात्यात निम्मीच आलेली. उरलेली ठरावीक विक्री झाल्यावर येणार. शिल्लक 70 लाख. महिन्याचा खर्च 16 लाख, महिन्याची आवक 4 लाख. म्हणजे दर महिन्याला खात्यातून निव्वळ 12 लाख जातात. 70 भागिले 12, जवळपास सहा महिने. "सहा महिने हातात आहेत, तोवर पुढचे पैसे येतीलच," असं तो म्हणाला.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि चूक इथेच होते. ते सहा महिने कंपनीचे होते, त्या मुलीचे नव्हते. तिचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. ती रुजू होईपर्यंत 24 लाख आणखी गेलेले असणार, उरणार 46. शिवाय तिच्याबरोबर आणखी तिघांना घेणार होते, त्यांचे पगार धरून महिन्याचा निव्वळ खर्च साडेचौदा लाखांवर जाणार. 46 भागिले साडेचौदा, म्हणजे तीन महिन्यांच्या थोडं वर. ऑफर लेटरवर प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. पुढचा हप्ता आला नाही तर प्रोबेशन संपायच्या आधी पैसे संपणार होते. आज किती महिने पुरतील, हे विचारून भागत नाही. आपण रुजू होऊ त्या दिवशी किती उरतील, हे धरायचं असतं.

मग आम्ही एक गोष्ट तपासली, जी कोणालाही फुकट तपासता येते. ईपीएफओच्या साइटवर `Establishment Search` नावाचं पान आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिची नोंद येते आणि `View Payment Details` मध्ये कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, किती आणि किती कर्मचाऱ्यांचे, हे दिसतं. नाव टाकायचं ते ऑफर लेटरवर असतं ते कायदेशीर नाव. ॲपचं किंवा ब्रँडचं टाकलं तर बऱ्याचदा काही सापडत नाही. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. या कंपनीचे आधीचे भरणे वेळेवर होते. शेवटचे मात्र महिनाभर मागे, आणि माणसं 31 वरून 24 वर आलेली. पगार वेळेवर होतात, असं कॉलवर सांगितलं होतं. होतही असतील. पण सात माणसं गेली आणि पीएफ मागे पडला, हे कॉलवर कोणी सांगितलं नव्हतं.

या तपासणीला मर्यादा आहेत. 20 पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला पीएफची नोंदणी सहसा बंधनकारक नसते, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणजे गडबडच आहे असं नाही. आणि पीएफ वेळेवर भरून पगार थकवणारेही असतात. म्हणूनच तारखेचा प्रश्न आधी, ही तपासणी नंतर.

तिनं कळवलं की उरलेला हप्ता खात्यात आला की मी राजीनामा देते, तोवर थांबायला तयार आहे. त्यांना थांबणं जमणार नव्हतं. तिनं नम्रपणे नकार दिला. ती कंपनी आजही चालू आहे, हे मी लपवत नाही, आणि तरीही तिचा निर्णय बरोबर होता असंच म्हणते. तिच्या घरी कर्जाचा हप्ता तिच्या पगारावर चालतो. पाच-सहा महिने पगाराविना काढता येतील इतकी शिल्लक असलेल्या माणसानं तीच ऑफर खुशाल घ्यावी.

पगार थकल्यावर बघू म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की चार-पाच लाख अडकलेल्या एकट्या माणसाला कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करता येत नाही. 2020 पासून त्यासाठी किमान 1 कोटीची थकबाकी लागते. उरतं कामगार कार्यालय, तिथले अर्ज आणि तिथल्या तारखा. त्या मी काढल्या आहेत.

फंडिंग असलेल्या कंपन्याही बुडतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. माझीही बुडालीच. त्यावर वेगळं काय लिहायचं? आणि पोरं माझ्यामुळे घाबरतात, हा आरोप मी घेत नाही. मला मेल करणारी पोरं विचारायचं कसं, एवढंच विचारतात. विचारू की नको, हे कोणी विचारत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती इथेच राहील. "घरात बसून" हे शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावेत, अशी माझी अपेक्षा आहे.